पडून असलेली शीट नव्या ऑर्डरला लावताना तिची किंमत किती धरायची?

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये कोटेशन बनवायला बसलं की हा पेच हमखास येतो. रॅकवर ३१६-एल ग्रेडच्या स्टेनलेसच्या आठ शीट पडून आहेत. जुनी ऑर्डर अर्ध्यात रद्द झाली तेव्हाच्या त्या उरलेल्या. आता बुटीबोरीच्या एका कारखान्याकडून त्याच ग्रेडच्या टाकीची चौकशी आली आहे. अकाउंटंट म्हणतो, शीट ३४० रुपये किलोने घेतली, तोच भाव लावा. खरेदी बघणारा म्हणतो, आज तोच माल ३७० ला पडतो. इतवारीतला व्यापारी २७० द्यायला तयार आहे. आणि मालकाचं म्हणणं, "पैसे केव्हाच देऊन झाले, शीट फुकटच समजा."

चार माणसं, चार आकडे. यातला कुठला बरोबर, याचं उत्तर आठही शीटला सारखं नसतं, आणि बहुतेक कोटेशन इथेच चुकतात. खाली हेच एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवलं आहे. भाव उदाहरणापुरते घेतले आहेत, कोटेशनच्या दिवशी तुमचे तुम्ही घाला.

आधी प्रश्न नीट मांडा

संबद्ध खर्च म्हणजे या निर्णयामुळे बदलणारा खर्च. शीटच्या बाबतीत प्रश्न असा विचारायचा: ही शीट या टाकीला लावली, तर आजपासून पुढे माझ्याकडून जास्तीचे किती पैसे जातील, किंवा येणारे किती पैसे बुडतील?

३४० हा आकडा या प्रश्नाच्या उत्तरात कुठेच बसत नाही. ऑर्डर घेतली तरी ते पैसे गेलेले, नाही घेतली तरी गेलेलेच. मात्र म्हणून शीट फुकट ठरत नाही. तिच्यावर पैसे खर्च झालेत, या कारणाने तिला किंमत येत नाही. ती आज दुसरीकडे कामाला येऊ शकते म्हणून तिला किंमत आहे. मालक "फुकट" म्हणतो तेव्हा पहिलं वाक्य त्याला बरोबर कळलेलं असतं, दुसरं राहून गेलेलं असतं.

पहिली पायरी: माल खरंच या कामाचा आहे का

भावाची चर्चा करण्याआधी रॅकपाशी जा. शीटवर हीट नंबर वाचता येतो का, आणि त्याच नंबरचं मिल टेस्ट सर्टिफिकेट फाइलमध्ये आहे का, ते बघा. केमिकल कारखान्याचा इन्स्पेक्टर सर्टिफिकेटशिवाय शीट कापूच देणार नाही.

सर्टिफिकेट नसेल तर तपासणी करता येते, पण कोणती, हे माहीत हवं. हातात धरायच्या एक्स-रे गनने मॉलिब्डेनम कळतं. ३१६ मध्ये ते २ ते ३ टक्के असतं, ३०४ मध्ये नसतं, त्यामुळे ३०४ आणि ३१६ वेगळे ओळखता येतात. पण या गनला कार्बन दिसत नाही. 'एल'चा अर्थच कार्बन जास्तीत जास्त ०.०३ टक्के असा आहे, म्हणून ३१६ आणि ३१६-एल यांतला फरक तिला सांगता येत नाही. त्यासाठी लॅबमध्ये नमुना देऊन स्पार्क स्पेक्ट्रोमीटरवर तपासावा लागतो. चुंबक लावून यातलं काहीच ठरत नाही.

पृष्ठभागही बघा. स्टेनलेसची शीट साध्या लोखंडाच्या अँगलला घासून ठेवली असेल तर तिच्यावर लोखंडाचे कण बसून गंजाचे ठिपके पडतात. मग पिकलिंग-पॅसिव्हेशन आलं. तपासणी आणि ही सफाई, दोन्ही जुनी शीट या कामाला लावण्याचा जास्तीचा खर्च आहे. नवी शीट आणली असती तर तो झाला नसता, म्हणून तो शीटच्याच खात्यात जातो.

आता वजन. आपली शीट २५०० × १२५० मिमी, ४ मिमी जाड. ३१६-एलची घनता साधारण ८ धरली तर २.५ × १.२५ × ४ × ८ म्हणजे बरोबर १०० किलो. हिशेब शीटमध्ये करा, किलोत नको. टाकीला सव्वानऊ शीट पुरतील असं ड्रॉइंगवरून दिसलं तरी विकत घेताना दहाच घ्याव्या लागतात, आणि उरलेल्या पट्टीची किंमत भंगाराच्या भावाने वेगळी वजा करायची.

दुसरी पायरी: तीन भाव गोळा करा, आणि हातात पडणारे गोळा करा

पुनर्खरेदीचा भाव म्हणजे माल दारात येईपर्यंतचा. व्यापारी ३६५ म्हणाला आणि टेम्पो-हमाली मिळून किलोला ५ पडत असतील, तर भाव ३७०. एका शीटला ३७,००० रुपये. ज्या दिवशी तुम्ही प्रत्यक्षात माल घेणार त्या दिवशीचा भाव लागतो. ऑर्डर दीड महिन्याने सुरू होणार असेल तर व्यापाऱ्याकडून भावाची मुदत लिहून घ्या.

विक्रीचा भाव म्हणजे सगळं वजा जाऊन उरणारा. इतवारीत २७० मिळतात, पण चढवणं, टेम्पो, काटा यात किलोला ८ जातात. उरले २६२, म्हणजे शीटला २६,२०० रुपये. फोनवर सांगितलेल्या भावावर विसंबू नका. शीटचे फोटो, हीट नंबर आणि सर्टिफिकेट पाठवून भाव पक्का करा, आणि पैसे रोख की दोन महिन्यांच्या उधारीवर तेही विचारा. "बघू, आणा तर खरं" हा भाव नव्हे.

तिसरा आकडा पर्यायी वापराचा, आणि तो सगळ्यात कमी वेळा काढला जातो. आपल्याकडे असे दोन वापर निघाले. एक, पुढच्या महिन्यात दोन लहान व्हेसलचं काम सुरू होतंय. त्याची परचेस ऑर्डर हातात आहे आणि त्याला याच ग्रेडच्या, याच जाडीच्या तीन शीट लागणार आहेत. दोन, संत्र्याचा रस काढणाऱ्या एका युनिटच्या कामात ३०४ ग्रेडच्या चार शीट लागणार आहेत, तिथे ३१६-एल वापरून ३०४ ची खरेदी वाचवता येईल.

ग्रेड बदलताना एक सावधगिरी. गंजण्याच्या दृष्टीने ३१६-एल सरस आहे, पण ताकदीच्या दृष्टीने नाही. मानकातली किमान यील्ड स्ट्रेंग्थ ३०४ ची २०५ मेगापास्कल, तर ३१६-एलची १७०. "वरचा ग्रेड लावतोय, गिऱ्हाईक खूशच होईल" असं समजून दाबाच्या किंवा वजन पेलणाऱ्या भागात बदल करू नका, डिझाइन करणाऱ्याची मंजुरी घ्या. मंजुरी मिळत नसेल तर तो पर्याय हिशेबातून गेला.

हे तिन्ही भाव जीएसटीशिवाय धरायचे. खरेदीवरचा कर क्रेडिटमध्ये परत मिळतो आणि विक्रीवरचा सरकारकडे जातो, म्हणून तो आपला खर्चही नाही आणि मिळकतही नाही. एका बाजूला करासहित भाव आणि दुसऱ्या बाजूला कराशिवाय, असं झालं की १८ टक्क्यांचा फरक उगाच उभा राहतो. कंपोझिशन योजनेत असाल तर मात्र क्रेडिट मिळत नाही, तेव्हा खरेदीचा भाव करासहितच धरा.

तिसरी पायरी: शीट मोजून वेगळ्या करा

टाकीला लागतात दहा, रॅकवर आहेत आठ. सगळ्यांना एकच भाव लावायचा मोह इथे आवरायला हवा. प्रत्येक गठ्ठ्याला विचारा की तो या टाकीला लावला नाही, तर त्याचं काय होईल.

दोन शीट आपल्याकडे नाहीतच. त्या घ्याव्या लागणार: २ × ३७,००० = ७४,०००.

रॅकवरच्या तीन शीट व्हेसलच्या कामाला लागणार आहेत. त्या आज टाकीत गेल्या तर पुढच्या महिन्यात तितक्याच नव्या आणाव्या लागतील. माल रॅकवरचा असला तरी त्याचा संबद्ध खर्च पुनर्खरेदीचाच: ३ × ३७,००० = १,११,०००. नेहमी लागणाऱ्या प्रत्येक मालाला हाच नियम. शॉपमध्ये रोज वापरली जाणारी ३ मिमीची ३०४ शीट वर्षापूर्वी स्वस्तात घेतली असली, तरी आज काढली की आजच्या भावाने भरावी लागते.

उरल्या पाच. यांना नेहमीचं गिऱ्हाईक नाही. विकल्या तर शीटला २६,२०० येतात. ३०४ च्या जागी वापरल्या तर काय वाचतं? ३०४ ची तेवढीच शीट साधारण ९९ किलोची, दारात पडणारा भाव २२०, म्हणजे २१,७८० रुपये. त्यातून ३१६-एलच्या महागड्या फिलर वायरचे वगैरे शीटमागे ७८० वजा करा, उरले २१,०००. विक्री सरस. टाकी नाही घेतली तर आपण या पाच शीट विकूच, म्हणून टाकी घेतल्याने बुडतात ते विक्रीचे पैसे: ५ × २६,२०० = १,३१,०००. दोन्ही पर्यायांची बेरीज करायची नाही. एक शीट एकदाच विकता किंवा वापरता येते.

एकूण झाले ३,१६,०००.

एक्सेलमध्ये रॅकवरच्या प्रत्येक गठ्ठ्याला एक ओळ द्या आणि चारही आकडे शीटमागे लिहा. `B` मध्ये पुनर्खरेदी, `C` मध्ये विक्रीतून हाती येणारे, `D` मध्ये पर्यायी वापराची किंमत, `E` मध्ये तपासणी-सफाईसारखा या कामापुरता जास्तीचा खर्च:

```
=MIN(B2, MAX(C2,D2)+E2)
```

`MAX` म्हणजे माल हातातून गेल्यावर बुडणारी सगळ्यात चांगली संधी. `MIN` लावायचं कारण असं, की ती संधी आणि जास्तीचा खर्च मिळून नव्या मालापेक्षा महाग पडत असेल तर जुना माल लावायचाच नाही. नवा आणायचा आणि जुना विकायचा. व्हेसलच्या तीन शीटच्या ओळीत `D` मध्ये ३७,००० येतात, म्हणून सूत्र तिथेही बरोबर चालतं.

चौथी पायरी: उलटा ताळा करा

टाकीचं बाकीचं जास्तीचं काम, म्हणजे कटिंग, रोलिंग, वेल्डर, आर्गॉन, फिलर, टेस्टिंग, वाहतूक, त्यातून उरलेल्या पट्ट्यांचं भंगार वजा करून, २,६०,००० आहे असं धरू. गिऱ्हाईक ६,००,००० च्या वर जायला तयार नाही.

संबद्ध खर्च ३,१६,००० अधिक २,६०,००० म्हणजे ५,७६,०००. ऑर्डर घेतली तर २४,००० सुटतात.

आता सूत्र बाजूला ठेवून नुसते पैसे मोजा. ऑर्डर घेतली तर ६,००,००० आले. त्यातून कामाचे २,६०,०००, दोन नव्या शीटचे ७४,००० आणि व्हेसलसाठी आणाव्या लागलेल्या तीन शीटचे १,११,००० गेले. हाती १,५५,०००. नाही घेतली तर तीन शीट व्हेसलला लागल्या, पाच विकून १,३१,००० आले. फरक २४,०००. हा ताळा जमला नाही तर कुठली तरी शीट दोनदा मोजली गेली आहे किंवा सुटली आहे. पाच मिनिटांचं काम आहे, दरवेळी करा.

खरेदीच्या भावाने मोजलं असतं तर आठ शीटचे २,७२,००० अधिक नवे ७४,०००, अधिक २,६०,०००, असे ६,०६,००० झाले असते आणि परवडणारी ऑर्डर हातची गेली असती. "फुकट" धरलं असतं तर खर्च दिसला असता फक्त ३,३४,०००. मग गिऱ्हाईकाने घासाघीस करून ५,००,००० वर आणलं तरी दीड लाखाहून जास्त सुटल्यासारखं वाटलं असतं, आणि प्रत्यक्षात ७६,००० चा खड्डा पडला असता. त्या खड्ड्याचं वाईट असं, की तो टाकीच्या खात्यात दिसतच नाही. पुढच्या महिन्यात व्हेसलच्या कामात "माल महाग पडला" म्हणून दिसतो, आणि दोष खरेदीवाल्याच्या माथी येतो.

५,७६,००० ही विक्रीची किंमत नव्हे. याच्या खाली उतरायचं नाही, एवढीच ती रेघ. त्याच्या वर किती मागायचं हे बाजार आणि गिऱ्हाईक बघून ठरवा.

सर्टिफिकेट हरवलं असेल तर

समजा त्या पाच शीटचं सर्टिफिकेट सापडत नाही. व्यापारी लगेच भंगाराच्या भावावर येतो, समजा १५०. खर्च जाऊन १४२, म्हणजे शीटला १४,२००. आता ३०४ च्या जागी वापरण्याचे २१,००० सरस ठरतात. पण संत्र्याच्या युनिटला चारच शीट लागतात. म्हणून चार शीटचे ८४,०००, पाचवीचे १४,२००, आणि टाकीच्या गिऱ्हाईकाला लॅबचा रिपोर्ट चालत असेल तर तपासणीचे समजा ५,०००. झाले १,०३,२००. आधी हाच आकडा १,३१,००० होता, म्हणजे ऑर्डरची खालची रेघ २७,८०० रुपयांनी उतरली.

लोकांना हे उलटं वाटतं. कागद हरवला तर काम महाग व्हायला हवं ना? नुकसान झालंच आहे, पण ते टाकीमुळे झालेलं नाही. कागद हरवला त्या दिवशीच शीटची बाजारातली किंमत पडली. ज्या मालाला बाहेर कोणी विचारत नाही, तो घरच्या कामाला लावणं स्वस्त पडणारच.

कुठे घसरतं

पर्यायी वापर पक्का नसताना पक्का धरला जातो. व्हेसलची ऑर्डर हातात नसून नुसती "येईल" अशी बोली असेल, तर तीन शीटना ३७,००० लावणं जास्त होतं. ऑर्डर येण्याची शक्यता निम्मी वाटत असेल आणि न आल्यास विकणारच असाल, तर ३७,००० आणि २६,२०० यांच्या मधोमध, ३१,६०० धरा. याचं उलटही होतं. दोन वर्षं "कधीतरी लागेल" म्हणून ठेवलेल्या मालाला मालक पुनर्खरेदीचा भाव लावून बसतो. स्टोअरचं कार्ड काढून शेवटची इश्यू तारीख बघा, उत्तर मिळतं.

टाकून द्यायला पैसे लागणाऱ्या मालाचा खर्च उणे असू शकतो. मुदत संपायला दोन महिने उरलेला इपॉक्सी पेंट घ्या. वापरला नाही तर तो घातक कचरा ठरतो आणि पैसे मोजून बुटीबोरीच्या प्रक्रिया केंद्रात पाठवावा लागतो. आजच्या कामात लावला तर तो खर्च वाचतो. अशा ओळीत `C` मध्ये उणे आकडा लिहा आणि `D` रिकामा सोडा. तिथे शून्य टाकलंत तर `MAX` शून्यच उचलेल. मात्र नुसता कोपऱ्यात पडून राहू शकणारा माल असेल, तर शून्यच बरोबर.

हिशेबाच्या वह्या आणि हा निर्णय एकमेकांत मिसळू देऊ नका. ऑर्डर घेतल्यावरही स्टोअरमधून शीट निघेल ती पुस्तकी भावानेच, आणि जॉब कार्डवर ६,००० चा तोटा दिसेल. तो दिसणारच आहे हे मालकाला आधी सांगून ठेवा, नाहीतर काम संपल्यावर वाद होतो. पुस्तकातला माल लेखामानक २ प्रमाणे खरेदी किंमत किंवा निव्वळ वसूल होणारी किंमत, यांतल्या कमीने दाखवायचा असतो. पण तयार वस्तू खर्चाइतक्या किंवा जास्त किमतीला विकली जाणार असेल, तर तिच्यासाठी ठेवलेल्या कच्च्या मालाची किंमत खाली आणायची नसते. म्हणून ३१ मार्चला आकडे काढताना या पाच शीटचा उद्देश, विकायच्या की वापरायच्या, लिहून ठेवलेला बरा. आणि माल पुस्तकातून पूर्ण काढून टाकायचं ठरवलं, तर जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मुळे त्यावर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं. तोही त्या पर्यायाचा खर्च आहे, तुलनेत धरा.

शेवटचं, कोटेशनवरची मुदत. आपल्या ३,१६,००० पैकी १,८५,००० पुनर्खरेदीच्या भावावर आणि १,३१,००० इतवारीच्या भावावर उभे आहेत, आणि दोन्ही भाव एकाच दिशेने हलतात. निकेल चढलं की नवी शीट महागते आणि व्यापारीही जुनीला जास्त देतो. किलोला नुसते १० रुपये वाढले तर दहा शीटवर १०,००० गेले, म्हणजे सुटणाऱ्या २४,००० तले जवळजवळ निम्मे. म्हणून व्यापाऱ्याने भाव जितक्या दिवसांचा दिला असेल, त्यापेक्षा एक दिवस कमी मुदत आपल्या कोटेशनवर लिहा, आणि परचेस ऑर्डर आली त्याच दिवशी पाचही नव्या शीट बुक करा: टाकीच्या दोन आणि व्हेसलच्या तीन.